दात आवळण्याआधी

उदयनाचा प्रश्न

वत्सांचा राजा उदयन मराठी वाचकाला ठाऊक असतो तो वासवदत्तेमुळे. भासाच्या नाटकातला, प्रेमात आकंठ बुडालेला राजा. पाली ग्रंथांत त्याचं नाव उदेन आहे आणि संयुत्तनिकायात त्याची एक वेगळीच भेट नोंदवलेली आहे. कौशांबीच्या घोषितारामात तो पिंडोल भारद्वाज या भिक्खूला विचारतो की, ही काळ्याभोर केसांची तरुण मुलं, ज्यांनी संसारसुख पुरतं पाहिलेलंही नाही, ती जन्मभर ब्रह्मचर्य पाळतात तरी कशी?

भारद्वाज आधी शिकवलेलं उत्तर देतो. आईच्या वयाच्या बाईला आई मानावं, बहिणीच्या वयाचीला बहीण, मुलीच्या वयाचीला मुलगी. राजा म्हणतो, मन चंचल असतं भारद्वाज, आईच्या वयाच्या बाईकडे पाहूनही ते कधी कधी चळतं. दुसरं काही सांगा. मग भारद्वाज दुसरा उपाय सांगतो. याच देहाकडे, केसापासून नखापर्यंत, आतल्या रक्तमांसासकट पाहावं. राजा तेही मान्य करत नाही. ज्यांची साधना मुरली आहे त्यांना हे जमेल, पण ज्यांची मुरलेली नाही त्यांनी अशुभ पाहायचं ठरवलं तरी नजर शुभावरच जाते.

तिसरं उत्तर इंद्रियांवर पहारा ठेवण्याचं आहे. डोळ्यांना रूप दिसेल, पण त्यातले बारकावे चाखत बसायचं नाही. इथे राजाला पटतं आणि तो स्वतःचाच दाखला देतो. अंतःपुरात बेसावध गेलो की वासना मला गाठते, सावध गेलो की गाठत नाही.

या संवादात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे की, पहिली दोन उत्तरं पुरत नाहीत असं राजा म्हणाला तेव्हा भिक्खू रागावला नाही. 'तुझं मनच अपवित्र' असं म्हणाला नाही. अडचण खरी आहे हे त्याने मानलं आणि पुढचा उपाय सांगितला. निवडलेलं ब्रह्मचर्य आणि दमन यांतला फरक मला इथून दिसायला लागतो. दमनात अडचण बोलून दाखवायलाच बंदी असते. आधी इतरांसमोर, आणि हळूहळू स्वतःसमोरही.

सेय्यसक वाळत चालला

विनयपिटकात प्रत्येक नियमाआधी तो का करावा लागला याची कथा येते. संघादिसेस नावाच्या गंभीर दोषांपैकी पहिल्याची कथा श्रावस्तीची आहे. सेय्यसक नावाचा भिक्खू ब्रह्मचर्य पाळत होता, पण नाखुशीने. त्याची अवस्था ग्रंथात तपशिलाने दिली आहे. तो कृश झाला, रंग उडाला, अंग पिवळट पडलं, शिरा वर दिसू लागल्या.

उदायी नावाच्या भिक्खूने त्याला पाहिलं आणि नेमकं ओळखलं. ब्रह्मचर्यात तुझं मन रमत नाही का, असं विचारलं. तो हो म्हणाला. इथवर उदायी बरोबर होता. पुढचा सल्ला मात्र असा दिला की, पोटभर खा, हवं तेवढं झोप, हवी तेवढी आंघोळ कर आणि वासना अनावर झाली की हाताने मोकळा हो. सेय्यसकाने विचारलं, हे चालतं का? उदायी म्हणाला, मीही तेच करतो. काही दिवसांत सेय्यसक टवटवीत झाला. इतर भिक्खूंनी कारण विचारलं, त्याने सांगून टाकलं आणि त्यातून नियम आला.

हा नियम वाचताना दोन गोष्टी नीट पाहाव्यात. दोष पुरा व्हायला हेतू, प्रयत्न आणि स्खलन हे तिन्ही लागतं. स्वप्नात झालेलं स्खलन नियमातून स्पष्ट वगळलेलं आहे. आणि मनात नुसती वासना उठली तर विनयात तो दोषच नाही. तो ध्यानाचा विषय आहे, शिक्षेचा नाही.

आपल्याकडे ब्रह्मचर्याच्या नावाखाली पोरांना स्वप्नाची भीती घालणारी पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. वीर्यनाशाने स्मरणशक्ती जाते, तेज जातं, आयुष्य घटतं, असं सांगून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना रात्रीच्या झोपेचीही धास्ती घातली. शरीरशास्त्रात याला आधार नाही. संघाच्या जुन्या नियमालाही ही भीती मान्य नव्हती. झोपेत घडलेल्या गोष्टीसाठी जागेपणी अपराधी वाटायला लावणं, हे मला दमनाचं सगळ्यांत सोपं उदाहरण वाटतं. त्यात व्रत कुणी घेतलेलंच नसतं, आणि शिक्षा मात्र रोज चालू असते.

लपवलेल्या दिवसांचा हिशेब

समजा, एका भिक्खूकडून सेय्यसकासारखा दोष घडला आणि त्याने तो पाच दिवस लपवला. सहाव्या दिवशी सांगितलं. मग काय होतं?

आधी परिवास. जितके दिवस लपवलं तितके दिवस, म्हणजे पाच. या काळात त्याने ओळीत शेवटी बसायचं, इतर भिक्खूंचा नमस्कार घ्यायचा नाही, निर्दोष भिक्खूसोबत एका छपराखाली राहायचं नाही, कुणाला दीक्षा द्यायची नाही. बाहेरगावचा भिक्खू आला तर त्यालाही आपण परिवासात आहोत हे सांगायचं. परिवास संपला की सहा रात्रींचा मानत्त. त्यानंतर किमान वीस भिक्खूंच्या संघासमोर त्याला पुन्हा पूर्ववत सामावून घेतात. वीसमध्ये एक कमी असला तरी तो विधी ग्राह्य धरत नाहीत.

त्याच दिवशी सांगितलं असतं तर परिवास नव्हताच, सहा रात्रींवर भागलं असतं. म्हणजे कृतीची शिक्षा ठरलेली आहे आणि लपवण्याची वेगळी मोजलेली आहे, दिवसाला दिवस. दोष घडणार हे या व्यवस्थेने गृहीत धरलेलं आहे. तिची धडपड एवढीच की दोष अंधारात राहू नये.

दमन ज्या घरांत, आश्रमांत किंवा मठांत चालतं, तिथे हिशेब उलटा असतो. सांगणाऱ्याची बदनामी होते, लपवणाऱ्याची प्रतिष्ठा शाबूत राहते. मग शहाणा माणूस लपवायला शिकतो आणि वर्षानुवर्षं लपवलेली गोष्ट एखाद्या दुबळ्या, बोलू न शकणाऱ्या व्यक्तीवर जाऊन फुटते. धर्मसंस्थांमध्ये लैंगिक अत्याचाराची प्रकरणं उघड होतात तेव्हा 'ब्रह्मचर्य हेच अनैसर्गिक' असं म्हटलं जातं. मला वाटतं, आधी पाहावं ते हे की, तिथे दोष कबूल करणाऱ्याला परत आत यायची वाट होती का, आणि तक्रार करणाऱ्याचं कुणी ऐकत होतं का. अर्थात दुसऱ्यावर केलेला अत्याचार हा गुन्हा आहे. तो परिवास-मानत्ताने फिटत नाही, तिथे कायदाच हवा.

बाहेर जायचं दार

पहिला पाराजिक, म्हणजे ज्याने भिक्खूपण कायमचं जातं असा नियम, सुदिन्नापासून सुरू होतो. वैशालीजवळच्या कलंदक गावचा हा श्रीमंत घरातला मुलगा. प्रव्रज्येला आईबाप परवानगी देईनात म्हणून सात वेळचं जेवण सोडून तो पडून राहिला आणि परवानगी मिळवली. पुढे तो घरी आला तेव्हा आईने वंशाला वारस मागितला. तेव्हा नियम नव्हता. त्याने पूर्वीच्या पत्नीशी संबंध ठेवला आणि नंतर पश्चात्तापाने तोही वाळत गेला.

मला जास्त विचार करायला लावते ती त्यापुढची दुरुस्ती. वैशालीच्याच काही वज्जी भिक्खूंनी चीवर न सोडता, आपली दुर्बलता न सांगता, संबंध ठेवले. पुढे संकटं आल्यावर ते परत दीक्षा मागू लागले. तेव्हा नियमात भर पडली. जो आधी सांगतो की मला हे शिक्षण आता पाळता येत नाही, ते मी सोडतो, आणि मग गृहस्थ होतो, तो पुन्हा दीक्षा मागायला आला तर त्याला द्यावी. जो चीवर अंगावर ठेवून, न सांगता मोडतो, त्याला पुन्हा देऊ नये.

शरीराने घडलेली कृती दोघांची एकच आहे. एकासाठी दार उघडं राहतं, दुसऱ्यासाठी कायमचं बंद होतं. आणि सोडायचा विधीही अवघड ठेवलेला नाही. शुद्धीवर असताना, समजणाऱ्या माणसासमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं की झालं. थायलंड-म्यानमारमध्ये आजही तरुण काही आठवडे किंवा एक वर्षावास भिक्खू होतात आणि मग चीवर उतरवून लग्न करतात. त्यांना कुणी भ्रष्ट म्हणत नाही.

ज्या व्रतातून सन्मानाने बाहेर पडता येतं, त्यातच रोज नव्याने राहता येतं. बाहेर पडलं की घर बंद, गाव बंद, पोट बंद, अशी गत असेल तर आत राहिलेल्या माणसाबद्दल 'त्याने निवडलं' असं म्हणता येत नाही.

पाच उपाय, क्रमाने

मज्झिमनिकायात नकोसा विचार मनात आला तर काय करावं याचं एक सुत्त आहे, वितक्कसण्ठान. त्यात उपाय पाच आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला, मन दुसऱ्या चांगल्या विषयाकडे वळवावं. तेवढ्याने भागलं नाही तर त्या विचाराचे परिणाम पाहावेत. तेही चाललं नाही तर त्याकडे लक्ष देऊ नये. चौथा उपाय, तो विचार कशातून उभा राहतोय ते शोधावं. इथे दृष्टान्त दिला आहे. भरभर चालणाऱ्या माणसाच्या लक्षात येतं की आपण इतकं घाईने का चाललोय, हळू चालूया. मग वाटतं, उभं राहूया. मग बसूया. मग आडवं होऊया. कुणीही त्याला अडवलं नाही, तरी तो शांत झाला.

या चारींनी काही झालं नाही तर पाचवा. दातावर दात आवळून, जीभ टाळ्याला लावून, मनाने मन दाबावं.

दाबण्याला जागा आहे, ती नाकारलेली नाही. पेटलेल्या क्षणी कृती होऊ नये यासाठी ती लागते. पण ती पाचवी आहे, पहिली नाही. आणि महासच्चक सुत्तात बुद्ध बोधीपूर्वीच्या आपल्या तपश्चर्येबद्दल सांगतात की, मी दात आवळून मनाने मन दाबत राहिलो तेव्हा काखांतून घामाच्या धारा लागल्या, शरीर अस्वस्थ झालं. हा रस्ता पुढे त्यांनी सोडला.

मन मारणाऱ्या माणसाला ओळखायची खूण इथे आहे. त्याच्याकडे पाचवा उपाय एकटाच असतो आणि तो दिवसभर चालू असतो. म्हणून तो थकलेला, चिडका, दुसऱ्याच्या प्रेमविवाहावर, बायकांच्या कपड्यांवर सतत बोलणारा असतो. ज्याचं ब्रह्मचर्य चौथ्या उपायापर्यंत आलं आहे त्याला दुसऱ्याच्या संसाराचा जाच होत नाही. तो लग्नाच्या पंगतीत आनंदाने जेवतो.

किळस हा मार्ग नाही

वैशालीच्या महावनातली घटना विनयात आणि संयुत्तनिकायात दोन्हीकडे येते. बुद्धांनी भिक्खूंना अशुभ भावना, म्हणजे देहाच्या किळसवाण्या अंगाचं ध्यान, सांगितलं आणि ते पंधरा दिवस एकांतात गेले. मागे भिक्खूंना स्वतःच्या देहाचीच इतकी घृणा आली की अनेकांनी जीव दिला किंवा दुसऱ्याकडून घेववला. परत आल्यावर बुद्धांनी आनंदाला विचारलं, भिक्खुसंघ असा विरळ का दिसतो? कारण कळल्यावर त्यांनी सगळ्यांना एकत्र करून दुसरी साधना दिली, आनापानसती, श्वासाकडे पाहण्याची. ती शांत आणि सुखाची आहे, असं तिचं वर्णन तिथे येतं.

ब्रह्मचर्याच्या इतिहासात ही गोष्ट झाकली गेली नाही, याचा मला फार आदर वाटतो. किळसेने वासना मरत नाही. कधी कधी माणूसच मरतो. शिवाय मूळ साधनेत पाहायचा होता तो स्वतःचा देह. कालांतराने संतवाङ्मयात, प्रवचनांत ती किळस बाईच्या देहावर ढकलली गेली आणि वासना पुरुषाची असताना दोष तिचा ठरला. ज्या ब्रह्मचर्याला टिकायला बाईची निंदा लागते, त्याचं काम अजून सुरूच झालेलं नाही.

पौर्णिमेचं शील

हे सगळं फक्त चीवरधाऱ्यांचं नाही. महाराष्ट्रात वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांत उपासक-उपासिका अष्टशील घेतात. रोजच्या पंचशीलात तिसरं शील व्यभिचारापासून दूर राहण्याचं आहे. अष्टशीलात त्या जागी संपूर्ण ब्रह्मचर्य येतं, एका दिवस-रात्रीपुरतं. पांढरे कपडे, दुपारी बारानंतर जेवण नाही, उंच बिछाना नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

नागपुरातल्या एका विहारात एक ताई, वय पन्नाशीच्या आतलं, नेमाने हे शील घेतात. मी त्यांना विचारलं, घरी काय म्हणतात? त्या म्हणाल्या, "मी आधी सांगते ना घरात. न सांगता घेतलं तर ते शील नाही होत जी, रुसवा होते." मग जरा थांबून म्हणाल्या, "अन् दुसऱ्या दिवशी तेच आमचं घर, तेच आमचं माणूस. काही तुटत नाही."

एक दिवसाचं व्रत घेणाऱ्याला एक गोष्ट प्रत्यक्ष कळते, जी आयुष्यभराच्या शपथेत कधी कधी कळत नाही. वासना येते, थोडी वाढते, आणि तिच्यामागे गेलं नाही तर ओसरते. हे स्वतःवर पाहिलेलं असलं की भीती कमी होते. दमन मात्र भीतीवरच उभं असतं, की एकदा सैल सोडलं तर सगळं वाहून जाईल.

घरी राहिलेली

धर्मानंद कोसंबींनी बौद्ध धर्म मराठीत आणला. मूळचे गोव्यातल्या साखवाळचे. 1899 मध्ये ते घर, पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून विद्येसाठी निघाले. पुणे, काशी, नेपाळ करत सिलोनला पोचले आणि 1902 मध्ये तिथे दीक्षा घेतली. काही वर्षांनी चीवर उतरवून ते पुन्हा गृहस्थ झाले, पाली शिकवू लागले. त्यांनी उघडपणे घेतलं आणि उघडपणे सोडलं, यात मला खोट दिसत नाही. पण त्या मधल्या वर्षांत बाळाबाईही ब्रह्मचर्यच जगत होत्या, आणि ते त्यांनी घेतलेलं नव्हतं.

जुन्या नियमांतही ही जागा रिकामी आहे. दीक्षा घेणाऱ्या पुरुषाला विचारतात, आईबापांची परवानगी आहे का? तू कर्जदार नाहीस ना? राजाचा सैनिक नाहीस ना? पत्नीची परवानगी विचारत नाहीत. स्त्री भिक्खुणी होणार असेल तर मात्र तिच्या आईबापांची आणि नवऱ्याचीही परवानगी हवी. इतक्या बारकाईने माणसाचं मन ओळखणाऱ्या व्यवस्थेला ही एक बाजू दिसली नाही.

गांधीजींनी 1906 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. आत्मकथेत ते लिहितात की, कस्तुरबांना आधी सांगितलं नव्हतं, व्रत घेताना विचारलं आणि त्यांची हरकत नव्हती. हरकत नसणं आणि स्वतःहून निवडणं यांत अंतर आहे. एकाने विचार करून घेतलेलं व्रत दुसऱ्याच्या वाट्याला आयतं येतं तेव्हा पहिल्यासाठी ते साधना असतं आणि दुसऱ्याला ते नुसतं सोसावं लागतं, मग घेणारा कितीही प्रामाणिक असो.

कुणी सल्ला विचारला तर

अधूनमधून एखादा तरुण किंवा मध्यमवयीन गृहस्थ विचारतो, ब्रह्मचर्य पाळावंसं वाटतं, बरोबर आहे का? मी त्याला सुरुवातीलाच तत्त्वज्ञान सांगत नाही. मी विचारतो, हे तू कुणाला सांगितलं आहेस? मोडलं तर कुणाला सांगशील? सोडावंसं वाटलं तर कुणासमोर सोडशील? लग्न झालं असेल तर, तिने काय म्हटलं, तिच्या शब्दांत?

या चार प्रश्नांना नावानिशी उत्तरं असतील तर मी म्हणतो, एका पौर्णिमेपुरतं घेऊन पाहा, मग एका वर्षावासापुरतं. उत्तरं नसतील, आणि बोलताना जबडा घट्ट झालेला दिसला, तर मी सांगतो की आधी एखादा विश्वासाचा माणूस शोध, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. वासना ही तुझी चूक नाही, आणि तिच्याबद्दल तोंड उघडायची सोय नाही तिथे कुठलंही व्रत घेऊ नकोस.